ज्या कंपनीने एकदा नकार दिला तिथेच पुन्हा अर्ज – रिक्रूटरला आपणहून सांगावं का?

मुक्ता_७

मंडळी, एक सल्ला हवाय.

१४ महिन्यांपूर्वी एका कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी मुलाखती दिल्या होत्या. आधी ऑनलाइन चाचणी, मग तीन फेऱ्या. तिसरी झाल्यावर नऊ दिवस शांतता, आणि मग ते सगळ्यांना येतं तसलं ईमेल: तुमच्या वेळेबद्दल आभार, तूर्त आम्ही दुसऱ्या उमेदवाराबरोबर पुढे जात आहोत. कारण विचारलं होतं, त्याला उत्तर आलं नाही.

आता त्याच टीममध्ये तशीच जागा निघाली आहे. कामाचं वर्णन जवळपास शब्दशः तेच. अर्ज मी करणारच आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. प्रश्न असा, की अर्जासोबत रिक्रूटरला चार ओळी लिहून "मी आधी येऊन गेले आहे, तेव्हा निवड झाली नव्हती" हे आपणहून सांगावं का? नवरा म्हणतो झाकली मूठ ठेव. मैत्रीण म्हणते सांगून टाक, नाहीतर मुलाखतभर तेच डोक्यात राहील.

कुठे घसरले ते मला ठाऊक आहे. तिसऱ्या फेरीत एक ऑर्डरचं आणि एक पेमेंटचं टेबल देऊन एकूण विक्री काढायला सांगितली होती. मी दोन्ही टेबलं सरळ जोडली, म्हणजे जॉइन केली, आणि बेरीज मारली. एका ऑर्डरचे पैसे दोन हप्त्यांत आले होते, त्यामुळे ती ऑर्डर दोनदा मोजली गेली. तीन ऑर्डरी शंभर-शंभरच्या, उत्तर यायला हवं ३००, माझं आलं ४००. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बेरीज एकदा तपासून बघणार का?" मी बघितली, आणि तरी मला दिसलं नाही. घरी येऊन चप्पल काढताना दिसलं.

सडेतोड

अजिबात सांगू नका. आपल्याच पायावर धोंडा कशाला? त्यांच्याकडे ढिगाने अर्ज येतात, १४ महिन्यांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतंय. नवीन ईमेल आयडी काढा, सीव्हीची मांडणी बदला आणि नव्याने अर्ज टाका. मी स्वतः असंच केलंय. पहिल्या अर्जाला नकार आला होता, तीन आठवड्यांनी दुसऱ्या आयडीवरून तोच सीव्ही जरा फिरवून टाकला तर थेट फोन आला.

कोरा_कागद

चप्पल काढताना उत्तर सुचणाऱ्यांचा संघ काढू या. मी आजीव सभासद.

निवांत

मुक्ताताई, बिनधास्त जा. मीही तीन वर्षांनी जुन्या कंपनीत परत गेलो. सोडताना साहेबांशी थोडी खडाजंगी झाली होती, पण परत जाताना मीच आधी फोन करून म्हटलं, झालं गेलं विसरून जाऊ. त्यांनी मोठ्या मनाने घेतलं. शेवटी आपल्या कामाची त्यांना माहिती असतेच ना. खुर्चीसुद्धा तीच मिळाली, एक चाक तेवढं तसंच मोडलेलं होतं.

मुक्ता_७

निवांतकाका, मी तिथे कधी कामाला नव्हतेच हो. मुलाखतीतच परत पाठवलं मला. पण खुर्चीचा किस्सा आवडला.

निवांत

अरेच्चा. शीर्षक वाचून उत्तर दिलं. बसतो मागच्या बाकावर.

जुना_खेळाडू

बारा वर्षं भरतीच्या कामात आहे, आधी कन्सल्टन्सीत आणि आता कंपनीच्या आतल्या बाजूला. जरा सविस्तर लिहितो.

सडेतोड, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे. तुमचा पहिला अर्ज सीव्हीच्या चाळणीत गेला होता. तुम्हाला कोणी भेटलंच नव्हतं, म्हणजे तुमच्याबद्दल कोणी काही लिहिलेलंही नव्हतं. मुक्ताताई तिसऱ्या फेरीपर्यंत गेल्या आहेत. त्यांच्याबद्दल निदान तीन माणसांनी काहीतरी लिहून ठेवलेलं असणार. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता "कोण लक्षात ठेवतंय" याबद्दल. माणूस नाही ठेवत, सॉफ्टवेअर ठेवतं. मध्यम आकाराच्या कंपनीतही अर्ज एका प्रणालीत जातात. तिथे प्रत्येक उमेदवाराचं एक पान असतं. त्या पानावर आधीचे सगळे अर्ज तारखेनिशी दिसतात, कुठल्या जागेसाठी, कुठल्या फेरीपर्यंत, कोणी मुलाखत घेतली, त्यांनी काय शेरा दिला आणि शेवटी कुठल्या कारणाखाली बंद केलं. मुक्ताताईंनी त्याच ईमेलवरून अर्ज केला की तो आपोआप त्याच पानाला जोडला जाईल. रिक्रूटर पान उघडेल तेव्हा जुना अर्ज बाजूलाच असेल. माहिती जपून ठेवण्याची मुदत कंपनी-कंपनीत वेगळी असते, काही ठिकाणी जुने अर्ज ठराविक काळाने पुसले जातात. पण १४ महिने हा फार काळ नाही, नोंद असेल असंच धरून चाला.

नव्या ईमेलने अर्ज केला तर दुसरं पान तयार होतं. पण फोन नंबर तोच, नाव तेच, आधीच्या नोकऱ्याही त्याच. बऱ्याच प्रणाली अशा वेळी "हा उमेदवार आधीपासून असू शकतो" अशी सूचना दाखवतात आणि रिक्रूटर एका क्लिकमध्ये दोन्ही पानं एकत्र करतो. मी महिन्यातून दोन-चारदा तरी करतो. त्यात बहुतेक वेळा माणसाने सहज ईमेल बदललेलं असतं, त्याचं काही वाटत नाही. पण आधी तिसऱ्या फेरीत नाकारलेला माणूस नव्या आयडीने येतो आणि फॉर्ममधल्या "यापूर्वी आमच्याकडे मुलाखत दिली आहे का" या प्रश्नाला "नाही" लिहितो, तेव्हा माझा हात थांबतो. जुना नकार मी पोटात घालू शकतो. फॉर्मवरचं खोटं उत्तर नाही, कारण त्याच फॉर्मच्या तळाशी "वरील माहिती खरी आहे" यावर त्याने खूण केलेली असते, आणि ऑफर दिल्यावरसुद्धा तेवढ्यावरून ती मागे घेता येते.

तेव्हा सांगावं की नाही हा प्रश्नच तसा उरत नाही. त्यांना माहीत आहेच. तुम्ही ठरवायचं ते एवढंच, की त्या जुन्या पानाशेजारी तुमच्या चार ओळी असाव्यात की नसाव्यात.

सडेतोड

ठीक. चाळणीचा मुद्दा पटला. पण मग नव्या आयडीने मला फोन कसा आला? तोच सीव्ही होता की.

जुना_खेळाडू

तीन आठवड्यांत जागेची गरज बदलली असेल, आधीचे पसंत पडलेले दोघे गळाले असतील, किंवा दुसऱ्या वेळी अर्ज वेगळ्या रिक्रूटरकडे गेला असेल. किंवा तुमच्या "जरा फिरवून"मध्येच गोम असेल, वरच्या तीन ओळींत नेमकं हवं ते आलं असेल. आयडीमुळे झालं असं मला तरी वाटत नाही.

प्रश्नचिन्ह

मध्येच विचारतो, माफ करा. मी एका कंपनीत सहा जागांना अर्ज केलेत आणि सहाही नकार. त्यातले चार तर अर्ज केल्यापासून दोन-तीन मिनिटांत आले. हे सगळं चिठ्ठीत लिहायचं का?

कोरा_कागद

दोन मिनिटांत नकार! एवढ्या वेगाने मला अजून ओटीपीही आलेला नाही.

जुना_खेळाडू

प्रश्नचिन्ह, काही लिहू नका. दोन मिनिटांत आलेला नकार माणसाने दिलेला नसतो. अर्जाच्या फॉर्ममध्ये काही प्रश्न चाळणीचे असतात: अनुभव किती वर्षं, कामाचा परवाना आहे का, नोटीस पीरियड किती. त्यातलं एखादं उत्तर ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की अर्ज आपोआप बंद होतो, सीव्ही उघडलाही जात नाही. चारही फॉर्ममध्ये तुम्ही एकच उत्तर दिलं असेल आणि तेच आडवं येत असेल. आधी ते शोधा.

आणि सहा जागा एकदम नका हो मारू. त्या पानावर सहाही एकाखाली एक दिसतात. एकात मार्केटिंग आणि एकात टेस्टिंग असलं की वाचणाऱ्याला कळत नाही या माणसाला नक्की काय हवंय.

प्रश्नचिन्ह

मार्केटिंग आणि टेस्टिंग दोन्ही होतं. तुम्ही माझं पान बघितलंत का? नोटीस पीरियड ९० दिवस लिहिला होता, बहुतेक तेच.

रेवा

मी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. भरतीवाली नाही, टीम सांभाळते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा मुलाखतीला आला. चेहरा ओळखीचा वाटला, पण आठवेना. मी माझा नेहमीचा प्रश्न दिला, तर त्याने वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर लिहायला घेतलं. शेवटचा भाग तर मी अजून विचारलाही नव्हता, त्याचंही उत्तर आलं. तेव्हा ट्यूब पेटली. म्हटलं, "आपण आधी भेटलोय का?" तो म्हणाला, नाही. मी पुढे काही बोलले नाही, पण तो तासभर आम्ही दोघंही घामाघूम होतो. उत्तर बरोबर होतं आणि तरीही मला त्या उत्तराचं काय करावं कळेना. त्याने सुरुवातीलाच "हा प्रश्न मला मागच्या वेळी आला होता" म्हटलं असतं तर मी हसून दुसरा दिला असता.

तेव्हा सांगावं, याबाबत मी खेळाडूंशी सहमत. पण मुक्ता, ती जॉइनची भानगड चिठ्ठीत लिहू नकोस असं मला वाटतं. आमच्याकडे मुलाखत घेणाऱ्याला जुने शेरे मुद्दाम दाखवत नाहीत, स्वतःचा शेरा लिहून झाल्यावरच बाकीच्यांचे उघडतात. का, तर मन आधीच बनू नये म्हणून. तू स्वतःच चिठ्ठीत लिहिलंस की मला जॉइन जमलं नव्हतं, आणि रिक्रूटरने ती चिठ्ठी सीव्हीला जोडून पुढे पाठवली, तर समोरचा माणूस ४५ मिनिटं जॉइनच उकरत बसेल.

जुना_खेळाडू

इथे थोडा मतभेद. शेरा आधीच लिहिलेला आहे. "जॉइनमध्ये पुनरावृत्ती ओळखता आली नाही" हे तिथे असेलच, तर त्यावर तुमच्याकडून उत्तर नसणं हीच पोकळी. रिक्रूटर म्हणून मला अर्ज पुढे सरकवायला टीमच्या मॅनेजरला काहीतरी सांगावं लागतं. तो पहिला प्रश्न हाच विचारतो, की मागच्या वेळी नको म्हटलं होतं, आता काय बदललं? माझ्याकडे उत्तर नसेल तर मी तो अर्ज सरकवत नाही, सोपं आहे.

रेवा

काय बदललं ते सांगावंच की. पण त्यासाठी काय बिघडलं होतं ते सांगायची गरज नाही. शिवाय तिला कारण कुठे कळवलंय? ती अंदाज करतेय.

मुक्ता_७

अंदाज नाही हो रेवाताई, त्या गृहस्थांचा चेहरा मी बघितलाय.

असो. रात्री बसून मसुदा केला. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते. हाणा.

"नमस्कार. मागच्या वर्षी मी आपल्या कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्ट पदासाठी अर्ज केला होता आणि सर्व फेऱ्यांपर्यंत पोहोचूनही दुर्दैवाने माझी निवड झाली नाही. त्यावेळी मी खूप निराश झाले, परंतु त्या अनुभवातून मला पुष्कळ शिकायला मिळालं. तिसऱ्या फेरीत माझ्याकडून जॉइनच्या प्रश्नात एक चूक झाली, जी मी सहसा करत नाही. त्या दिवशी माझी तब्येतही बरी नव्हती. त्यानंतर मी माझ्या कौशल्यांवर भरपूर मेहनत घेतली आहे आणि आपल्या कंपनीबद्दलचं माझं आकर्षण तसूभरही कमी झालेलं नाही. कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार करावा, ही नम्र विनंती."

कोरा_कागद

शेवटी "आपली आज्ञाधारक" राहिलं.

सडेतोड

मी चिठ्ठीच्या विरोधात होतो, पण लिहायचीच असेल तर ही नको. "तब्येत बरी नव्हती" वाचून मला शाळेतली गैरहजेरीची चिठ्ठी आठवली.

रेवा

"सहसा करत नाही" हे तर अजिबात नको. मुलाखतीत दिसलं तेच खरं असं नाही, पण कागदावर ते वकिली वाटतं.

जुना_खेळाडू

मुक्ताताई, राग मानू नका. ही चिठ्ठी मी वाचली असती तर मला तुमच्याबद्दल वाईट वाटलं असतं, आणि पुढच्या अर्जाकडे गेलो असतो. कारण यात मला करण्यासारखं काही नाही.

रिक्रूटरच्या हातात एका वेळी दहा-पंधरा जागा असतात. १४ महिन्यांपूर्वीचा रिक्रूटर कदाचित नोकरी सोडूनही गेला असेल. त्यामुळे "मागच्या वर्षी" एवढ्याने चालत नाही. महिना, पदाचं नाव आणि कुठल्या फेरीपर्यंत गेलात, हे एका वाक्यात द्या, म्हणजे तो पान उघडून पडताळून बघू शकेल. तुमचं म्हणणं आणि नोंद जुळली की तिथेच निम्मं काम होतं. नव्या जागेचा क्रमांक विषयाच्या ओळीतच टाका.

दुसरं, "भरपूर मेहनत घेतली" हे कोणीही लिहितं. या १४ महिन्यांत हातून झालेलं एक काम सांगा, ज्यात तीच गोष्ट लागते. आहे का तसं काही?

मुक्ता_७

आहे. गेले ११ महिने आमच्याकडच्या दोन प्रणालींमधले व्यवहार जुळवण्याचं काम माझ्याकडे आहे. एकीकडे बिलं, दुसरीकडे जमा झालेले पैसे. म्हणजे गंमत बघा, तोच ऑर्डर-पेमेंटचा घोळ, फक्त खराखुरा. आता मी जॉइन करायच्या आधी पेमेंटचं टेबल ऑर्डरनिहाय एका ओळीवर आणते, आणि जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजते. आकडा वाढला तर काहीतरी दोनदा आलंय. महिनाअखेरीच्या जुळवणीला आधी चार दिवस लागायचे, आता दीड.

जुना_खेळाडू

अहो मग हेच लिहा ना! हे सगळं इथे कसं सहज आलं, आणि तिकडे तब्येत.

रेवा

आणि हे बघ, हे लिहिलंस तर जॉइनची चूक वेगळी कबूल करायची गरजच राहत नाही. ज्याने जुना शेरा वाचलाय त्याला आपोआप कळेल. ज्याने नाही वाचला त्याला फक्त एक चांगलं काम दिसेल.

जुना_खेळाडू

हे मात्र मान्य. माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. निम्मा राखून ठेवतो, कारण काही मॅनेजरना सरळ "मागच्या वेळी इथे कमी पडले" असं वाचायला आवडतं. पण कोणाला आवडेल ते बाहेरून कळत नाही.

निवांत

मागच्या बाकावरून एक शंका. मुळात १४ महिन्यांनी अर्ज चालतो का? माझ्या भाच्याला म्हणे सांगितलं होतं, सहा महिने तोंड दाखवू नकोस.

जुना_खेळाडू

काका, या वेळी प्रश्न नेमका पकडलात. त्याला कूलिंग पीरियड म्हणतात. बऱ्याच ठिकाणी सहा महिने, काही ठिकाणी वर्ष, आणि मोजायचा तो सहसा मुलाखतीच्या किंवा नकाराच्या तारखेपासून. अर्ज केल्याच्या तारखेपासून नाही, तिथे लोक चुकतात. कुठे तो कंपनीतल्या सगळ्या जागांना लागतो, कुठे फक्त त्याच प्रकारच्या कामाला. मुदत संपायच्या आत अर्ज केला तर कितीही सुंदर चिठ्ठी लिहा, रिक्रूटरच्या हातात फार काही नसतं. तेव्हा एवढंच विचारावं की कधीपासून अर्ज करता येईल. मुक्ताताईंचे १४ महिने झाले आहेत, त्यांना बहुधा अडचण नाही.

एक मात्र विचारायचं राहिलं. मागच्या वेळी थेट अर्ज केला होतात की कन्सल्टन्सीमार्फत?

मुक्ता_७

थेट. का?

जुना_खेळाडू

मग सुटलात. कन्सल्टन्सीने नाव पाठवलेलं असलं की काही काळ, साधारण सहा महिने ते वर्षभर, त्या उमेदवारावर तिचा हक्क राहतो. त्या काळात तुम्ही थेट अर्ज केलात तर कमिशन कोणाचं यावरून वाद होतो, आणि कटकट नको म्हणून तुमचंच नाव बाजूला पडू शकतं. तसं असतं तर चिठ्ठीत तेही लिहायला लावलं असतं.

मुक्ता_७

मसुदा दुसरा.

"विषय: डेटा अ‍ॅनालिस्ट, जागा क्रमांक अमुक, पूर्वीच्या उमेदवाराचा नवा अर्ज.

नमस्कार. मी आज या जागेसाठी अर्ज केला आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये याच पदासाठी मी ऑनलाइन चाचणी आणि तीन फेऱ्या दिल्या होत्या, तेव्हा माझी निवड झाली नव्हती. त्यानंतरचे ११ महिने मी बिलं आणि जमा रकमा यांची दोन प्रणालींमधली जुळवणी सांभाळते आहे. त्यात दोनदा मोजल्या जाणाऱ्या नोंदी पकडण्याची तपासणी मी बसवली, आणि महिनाअखेरीचं काम चार दिवसांवरून दीड दिवसावर आलं. या जागेच्या वर्णनातला पेमेंटच्या अहवालांचा भाग याच कामाशी जुळतो. मागच्या फेऱ्यांमधले प्रश्न मला आठवतात, त्यामुळे या वेळी वेगळे विचारले तर माझी हरकत नाही."

रेवा

शेवटची ओळ माझ्या किश्श्यावरून आलीय ना? छान आहे, पण "माझी हरकत नाही" असं नको, जणू परवानगी देतेयस. "हे आधीच कळवून ठेवते" म्हण.

सडेतोड

ही बरी आहे. हेही कबूल करतो की ही वाचून मला फोन करावासा वाटला असता.

कोरा_कागद

सडेतोडांनी दोन वेळा कबुली दिली. धागा संग्रहात ठेवा.

प्रश्नचिन्ह

चिठ्ठी अर्जाच्या आधी पाठवायची की नंतर?

जुना_खेळाडू

अर्ज टाकून त्याच दिवशी. आधी पाठवली तर रिक्रूटर शोधतो आणि नवा अर्जच सापडत नाही. आठवड्याने पाठवली तर तोवर कोणीतरी पान उघडून जुना नकार बघून पुढे गेलेलं असतं.

मुक्ता_७

(बारा दिवसांनी)

धागा वर काढते. चिठ्ठी पाठवली, रेवाताईंनी सुचवलेल्या बदलासकट. चौथ्या दिवशी रिक्रूटरचा फोन आला. नवीन बाई आहेत, जुने सोडून गेले, खेळाडूंचा अंदाज बरोबर. म्हणाल्या, तुम्ही लिहिलंत म्हणून नोंद लगेच सापडली. ऑनलाइन चाचणी माफ, तिन्ही फेऱ्या मात्र पुन्हा.

आता मुख्य गोष्ट. मी धीर करून विचारलं, की मागच्या वेळी कारण काय होतं? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, इथे तर "दुसरा उमेदवार निवडला" एवढंच दिसतंय, आणि तुम्हाला पुढच्या जागेसाठी लक्षात ठेवावं अशी खूण आहे. जॉइनचा उल्लेखच केला नाही! १४ महिने मी त्या ४००च्या आकड्याला शिव्या घालतेय.

रेवा

म्हणून म्हणत होते, न विचारलेलं कबूल करू नये.

जुना_खेळाडू

अभिनंदन. पण रेवाताई, इतक्यात जिंकल्याचं धरू नका. ते कारण रिक्रूटरने यादीतून निवडलेलं असतं, आणि घाईत बहुतेक वेळा तोच पर्याय दाबला जातो, कारण तो निरुपद्रवी आहे. मीही दाबतो. मुलाखत घेणाऱ्याने लिहिलेला शेरा वेगळा असतो, आणि तो फोनवर कोणी वाचून दाखवत नाही. लक्षात ठेवण्याची खूण मात्र खरी मानायला हरकत नाही, ती कोणी उगाच करत नाही.

मुक्ता_७

म्हणजे जॉइन अजून असू शकतो.

जुना_खेळाडू

असू शकतो.

सडेतोड

माझी एक अडचण. त्या कंपनीत माझी आता दोन पानं आहेत, दोन आयडींची. दुसऱ्या वेळी पहिल्या फेरीत गळलो होतो. पुढे कधी अर्ज करायचा झाला तर काय करू?

जुना_खेळाडू

फेरी ज्या आयडीवर झाली त्याच आयडीने अर्ज करा आणि चिठ्ठीत एक ओळ लिहा, की माझी आणखी एक नोंद अमुक ईमेलवर आहे, कृपया एकत्र करावी. दहा सेकंदांचं काम आहे. आपणहून सांगितलंत तर त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

निवांत

सडेतोडराव, माझी एकच नोंद होती तरी खुर्ची मोडकीच मिळाली.

मुक्ता_७

पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. तिसरी गुरुवारी आहे. आत्ताच मुलाखत घेणाऱ्यांची नावं आली. त्यात एक नाव तेच आहे, "बेरीज तपासणार का" वाले.

कोरा_कागद

गुरुवारी चप्पल दाराबाहेरच काढून आत जा.